गच्चीतला लाकडी वाफा

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताखाली लाकडाच्या कमानदार फासळ्या दिसतात. लेणं कोरलं गेलं त्या काळातलं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे लाकूड मावळातले इतके पावसाळे काढून आजही जागेवर आहे. त्याच मावळात शेताच्या बांधावरचा एखादा जुना कुंपणाचा खांब उपटून पाहा. वरचा भाग टणक असतो, खोल मातीत रुतलेलं टोकही बऱ्याचदा शाबूत निघतं. मधला, जमिनीच्या पातळीलगतचा वीतभर भाग मात्र भुसभुशीत झालेला असतो आणि खांब तिथेच मोडतो.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला लाकूड खायला लागतं, ऊब लागते, हवा लागते आणि पाणी लागतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर तिची वाढच होत नाही. कार्ल्याच्या फासळ्यांना हवा भरपूर मिळते, पण पाणी लागत नाही. खोल मातीतल्या टोकाला पाणी मिळतं, पण हवा तुटपुंजी. जमिनीलगतच्या पट्ट्यात मात्र दोन्ही कायम हजर असतात.

आता गच्चीत किंवा बाल्कनीत भाज्या लावायला आपण फळ्यांचं खोकं करतो तेव्हा काय होतं ते पाहा. प्रत्येक फळीला आतून ओली माती लागते आणि बाहेरून वारा लागतो. खांबाचा जो वीतभर भाग सगळ्यात आधी जातो, तोच आपण चारही बाजूंनी आणि तळाला उभा केलेला असतो. म्हणून लाकडी वाफा करताना एकच गोष्ट सतत डोळ्यासमोर ठेवावी लागते: फळी भिजली तर भिजू दे, पण तिला वाळायला वाट मिळाली पाहिजे. तळाची भोकं, कोपऱ्याचे सांधे आणि आतलं अस्तर, तिन्ही याच एका हिशेबाने करायचे.

उदाहरणासाठी एक माप धरू. लांबी तीन फूट, रुंदी चौदा इंच, फळ्यांची उंची एक फूट. मेथी, पालक, मिरची, वांगं, टोमॅटो यांना पुरेल इतकी खोली मिळते आणि रिकामं खोकं एका माणसाला हलवता येतं. सहा इंच रुंदीच्या, रंधा मारून सात सूत जाडीच्या उरलेल्या फळ्या, म्हणजे इंचाला एक सूत कमी, आणि कोपऱ्यांना दोन बाय दोन इंचाचे खुंट. तूट धरून सव्वा घनफूट लाकूड पुरतं.

लाकूड कोणतं, यावर सुताराकडे गेलं की पहिला शब्द सागाचा निघतो आणि तो बरोबरच आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या झाडांच्या लाकडाचे तुकडे अर्धे जमिनीत गाडून ते किती टिकतात हे पाहण्याची जुनी पद्धत आहे. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त टिकणारी लाकडं पहिल्या वर्गात, पाच ते दहा वर्षंवाली दुसऱ्या आणि पाचाच्या आतली तिसऱ्या वर्गात घालतात. साग पहिल्या वर्गात बसतो. आंबा आणि चीड, म्हणजे पॅकिंगला येतो तो पाईन, तिसऱ्यात. पण ही प्रतवारी गाभ्याच्या लाकडाची आहे. सालीलगतचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी ते लवकरच कुजतं, कारण बुरशीला रोखणारी द्रव्यं गाभ्यात साठलेली असतात, बाहेरच्या थरात नसतात. नवा, कोवळ्या झाडाचा साग विकत घेताना फळीच्या कडेला पांढुरका पट्टा दिसतो तो हाच. अशी फळी घ्यावीच लागली तर तो पट्टा खोक्याच्या बाहेरच्या, वरच्या कडेला येईल असा ठेवावा, तळाला नको.

माझं मत विचाराल तर जुन्या दारं-खिडक्यांचा साग घ्यावा. जुनी घरं पाडली की चौकटी आणि झडपा भंगारात येतात. त्यातलं लाकूड मोठ्या झाडाचं आणि वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग संशयितच धरावा. तो पॉलिशपेपरने कोरडा घासू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. रंग असलेली फळी भाजीच्या खोक्याला न वापरणं सगळ्यात सोपं.

पॅकिंगच्या फळ्यांचं खोकंही होतं. त्यावर शिक्का असेल तर तो वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेलं. भाजीसाठी पहिलं घ्यावं, दुसरं सोडून द्यावं. पाईनचं खोकं सागाइतकं टिकणार नाही हे धरूनच करावं, आणि अस्तराची काळजी त्याला दुप्पट लागते. प्लायवूड नको. मरीन प्लाय असलं तरी कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून थरांमध्ये पाणी शिरलं की ते सहज बाहेर येत नाही.

आता कोपरा. घरगुती खोकी बहुतेक वेळा कोपऱ्यात उघडतात. कारण लाकडाच्या घडणीत आहे. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी असते. फळीच्या अंगात, या नळ्यांना आडवा स्क्रू मारला की तंतू त्याच्या आट्यांना धरून ठेवतात. पण फळीच्या टोकातून, नळ्यांच्याच दिशेने स्क्रू मारला तर तो तंतूंना फाकवत आत जातो आणि ओढ बसली की त्याच वाटेने बाहेर येतो. एक फळी दुसरीच्या टोकावर ठेवून चार खिळे ठोकले की नेमकं हेच होतं. त्यात पावसात फुगणं आणि उन्हात आकसणं सुरू झालं की खिळे दर ऋतूत थोडे थोडे सैल होतात. आतली ओली माती फळ्या बाहेर ढकलत असतेच.

यावर साधा आणि पक्का उपाय म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या अंगाला उभा खुंट. लांब फळी खुंटाच्या एका अंगाला बसते, आखूड फळी शेजारच्या अंगाला, आणि दोन्हींचे स्क्रू खुंटाच्या तंतूंना आडवे जातात. टोकाच्या लाकडावर कुणाचाच भरवसा ठेवावा लागत नाही. डव्हटेलचा सांधा देखणा असतो आणि चांगला सुतार तो मन लावून करेल, पण उघड्यावर, रोज भिजणाऱ्या खोक्यात त्याच्या प्रत्येक खाचेत पाणी मुरायला जागा होते. इथे मी खुंटच निवडेन.

आपल्या मापात लांब फळ्या छत्तीस इंची आणि आखूड फळ्या सव्वाबारा इंची येतात. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मधे बसतात. प्रत्येक बाजूला सहा इंचाच्या दोन फळ्या एकावर एक, मधे एक सूत फट सोडून. ही फट अत्यावश्यक आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. एक फूट रुंद फळी मे महिन्याच्या कोरड्या उन्हातून ऑगस्टच्या पावसात गेली की साधारण सूतभर रुंदावते. एकच रुंद फळी चार स्क्रूंनी खुंटाला जखडली तर तिला हलायला जागा राहत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात आकसताना ती उभी तडकते. त्यापेक्षा दोन अरुंद फळ्या, प्रत्येकीच्या टोकाला दोनच स्क्रू, तेही मधल्या भागात तीन इंच अंतराने, म्हणजे हालचाल दोघींत वाटली जाते आणि फटीतून वाराही आत जातो.

स्क्रू आठ नंबरचा, दोन इंची, स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. कोपऱ्याला आठ, चार कोपऱ्यांना बत्तीस. साधा लोखंडी स्क्रू सागात मारला तर ओल्या लाकडातली द्रव्यं आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो, आणि गंजलेला स्क्रू आतून बारीक होत जाऊन एक दिवस डोकं तुटून हातात येतो. समुद्राकाठी, रत्नागिरी-मालवणपासून मुंबईपर्यंत, खाऱ्या वाऱ्यात ३१६ ग्रेडचं स्टेनलेस जास्त टिकतं. आत पुण्या-नाशकाकडे ३०४ पुरतं. स्क्रू मारण्याआधी ड्रिलने बारीक भोक पाडावंच, नाहीतर टोकाजवळ फळी चिरते. आणि एका खुंटात दोन अंगांनी स्क्रू येत असल्याने ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आखूड बाजूचे स्क्रू लांब बाजूच्या स्क्रूंपेक्षा अर्धा इंच वर घ्यावेत. चार बाजू जोडताना गुण्या लावून पाहावा, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले तर खोकं काटकोनात आहे. एखादा सूत फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून मग उरलेले स्क्रू आवळावेत.

सरस लावायचा का? लाकडी कामाला लावतात तो नेहमीचा पांढरा गोंद सतत ओलाव्यात पकड सोडतो. पाण्यात टिकणारे मिळतात, पण मी इथे कोणताच लावणार नाही. तळाची फळी कधीतरी बदलावी लागणार आहे, आणि नुसत्या स्क्रूंचं खोकं उघडता येतं.

खुंट फळ्यांपेक्षा दोन इंच खाली उतरवले की तेच पाय होतात आणि तळाखालून हवा खेळते. पण पायाचं टोक म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडं; फरशीवर साचलेलं पाणी ती वर शोषून घेतात. जुन्या वाड्यातल्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो. तो खांबाचं वजन पेलतो आणि ओल त्याच्या टोकापर्यंत पोचू देत नाही. आपल्या खोक्यालाही तेच करावं. पायाच्या टोकाला इपॉक्सीचा एक हात द्यावा आणि प्रत्येक पायाखाली कडप्पा किंवा ग्रॅनाईटचा तुकडा सरकवावा. असे तुकडे फरशीवाल्याकडे सहज मिळतात.

तळाच्या फळ्या लांबीला समांतर न घालता आडव्या घालाव्यात. मग प्रत्येकीला फक्त सव्वाबारा इंचांचं अंतर पेलावं लागतं आणि ती वाकत नाही. लांब बाजूंच्या आतल्या अंगाला, अगदी खालच्या कडेला, दीड बाय एक इंचाची रीप स्क्रूने बसवायची आणि तिच्यावर या फळ्या टेकवायच्या. आतली लांबी सव्वाचौतीस इंच येते. साडेपाच इंच रुंदीच्या सहा फळ्या आणि त्यांच्यात दोन-दोन सुतांच्या पाच फटी, असा हिशेब चोख बसतो. कडेच्या दोन फळ्यांना खुंटापुरती खाच घ्यावी लागते, ती थोडी ढिली घ्यावी.

निचऱ्याची भोकं या सहा फळ्यांच्या मध्यावर, प्रत्येकीला एक. इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक खोकी भोकं नसल्यामुळे कुजत नाहीत. भोकं असतात, पण पाणी त्यांतून बाहेर पडण्याऐवजी अस्तर आणि लाकूड यांच्या मधे शिरतं आणि तिथेच राहतं. अस्तराला सुरीने चीर दिलेली, फळीला वेगळं भोक, आणि दोन्ही बोटभर इकडे-तिकडे, असं असलं की अस्तरच ते पाणी फळीला चिकटवून ठेवतं. वरून सगळं ठीक दिसतं आणि खाली तळ मऊ होत जातो.

म्हणून प्रत्येक भोकाला एक छोटी नळी बसवावी. वायरिंगला वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घ्या, त्याचे दीड-पावणेदोन इंचांचे सहा तुकडे करा. एकेका तुकड्याचं टोक मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत मऊ करा आणि बाटलीच्या गळ्यासारख्या निमुळत्या वस्तूवर दाबा. टोक बाहेर वळून त्याला पातळ ओठ येतो. हे काम उघड्यावर करावं, पीव्हीसी जळल्याचा धूर घातक असतो. फळीला नळी घट्ट बसेल इतकंच भोक पाडावं. अस्तर घातल्यावर भोकाच्या वर फुलीचा छेद द्यायचा, चारही पाकळ्या भोकात खाली दाबायच्या आणि नळी वरून सरकवायची. ओठ अस्तरावर टेकतो, त्याच्याखाली सिलिकॉनचं एक वेटोळं. नळी फळीच्या खाली अर्धा इंच बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे थेंब तिच्या टोकावरून सुटून खाली पडतो. नळी नसेल तर तोच थेंब तळाच्या लाकडाला धरून सरकत जातो आणि फळीचा खालचा भाग दिवसभर ओला ठेवतो.

नळीवर नायलॉनच्या मच्छरदाणीचा तीन इंची चौकोन, त्यावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी. बस्स. तळाला खडीचा किंवा विटांचा थर देण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती निचरा सुधारत नाही, उलट बिघडवते. याचा पडताळा घरात घेता येतो. भांडी घासायचा जाड स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. टपटप थांबली की तोच स्पंज हळूच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. बारीक छिद्रांच्या पदार्थात तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं. ते गुरुत्वाकर्षणाने सुटत नाही. स्पंज उभा केला की ओली पट्टी तेवढीच राहते, पण तिचं क्षेत्र कमी होतं, म्हणून उरलेलं पाणी बाहेर येतं. कुंडीतल्या मातीत हेच घडतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत, वरची माती तुडुंब होईपर्यंत उतरत नाही. खाली दोन इंच खडी भरली तर ओली पट्टी खडीच्या वर चढते, म्हणजे मुळांच्या दोन इंच जवळ येते. दहा इंच मातीच्या खोक्यात दोन इंच ही लहान गोष्ट नाही. निचरा हवा असेल तर भरड पदार्थ सगळ्या मातीत मिसळावा: भाताचं तूस, नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचा चुरा. नुसता बारीक कोकोपीट भरलेलं खोकं वरून कोरडं आणि खाली चिखल, असं होतं.

मातीचा विचार वजनासाठीही करायला हवा. या खोक्यात साधारण ६५ ते ७० लिटर मिश्रण मावतं. बागेतली ओली माती भरली तर तिचंच वजन ११० किलोच्या आसपास जातं. हलकं मिश्रण असेल तर जवळजवळ निम्मं. भारतीय मानकांनुसार घरांच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे ३०० किलोचा भार धरतात आणि ये-जा असलेल्या गच्चीसाठी सुमारे १५०. खोक्याचा ठसा एक तृतीयांश चौरस मीटर आहे, म्हणजे साध्या मातीने भरलेलं खोकं आपल्या पायाखालच्या जागेवर बाल्कनीची मर्यादाही ओलांडतं. अशी खोकी ओळीने मांडायची असतील तर स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत किंवा बीमच्या वर ठेवावीत, आणि इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवावं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाज्या पिकवल्या त्या मुख्यतः उसाच्या चिपाडांच्या भरणावर, वरच्या थरात माती. वजनाच्या हिशेबाने ते किती शहाणपणाचं होतं हे गच्चीवर पोती चढवणाऱ्याला लगेच कळतं.

अस्तरासाठी आपल्याकडे एक उत्तम वस्तू गावोगाव पोचलेली आहे: शेततळ्याचा कागद. म्हणायला कागद, पण ती एचडीपीईची काळी जाड चादर असते, बहुधा ५०० मायक्रॉनची, उन्हात वर्षानुवर्षं टिकावी म्हणून केलेली. शेततळ्यांचं अस्तरीकरण करणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे मिळतात. आपल्या खोक्याला पाच फूट बाय तीन फुटांचा तुकडा पुरतो. खतांच्या पिशव्यांचं पातळ प्लास्टिक एक-दोन हंगामांत फाटतं. डांबराचा रंग आतून फासतात तोही मला पसंत नाही. लाकूड फुगतं-आकसतं तसा त्याला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरतं आणि उरलेलं डांबर त्याला बाहेर येऊ देत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे गोणपाट. ते माती धरून ठेवतं खरं, पण फळीवर कायमचं ओलं फडकं गुंडाळल्यासारखं बसतं. जळकं ऑईल सुतारकामात सर्रास सुचवतात. ज्या मातीत आपण पालक वाढवणार तिच्याजवळ ते नकोच.

पण शेततळ्याचा कागदही थेट फळीला चिकटवायचा नाही. आधी बाजूंच्या फळ्यांना आतून तीन सूत जाडीच्या उभ्या रिपा चार-चार इंचांवर मारून घ्यायच्या आणि कागद त्यांच्यावर सोडायचा. मग कागद आणि फळी यांच्या मधे बोटापेक्षा कमी, पण वाऱ्याला पुरेशी पोकळी राहते; ती वर उघडी, तळाच्या फटींतून खाली उघडी आणि फळ्यांमधल्या फटीतून मधेही उघडी असते. बाहेरच्या पावसाने फळी भिजली तरी ती दोन्ही अंगांनी वाळते. रिपांमधलं अंतर आठ-नऊ इंच ठेवलं तर ओल्या मातीच्या दाबाने कागद फुगून फळीला टेकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. काम वाढलं तरी अंतर चार इंचांचंच ठेवावं.

कागद कोपऱ्यात कापायचा नाही. वाण्याच्या पुडीची घडी घालतात तशी घडी घालून खुंटावरून वळवायचा. खुंटाची धारदार कड रंध्याने आधीच मोडून घ्यावी, नाहीतर माती भरताना तिथेच कागद चिरतो. कागद उन्हात तासभर पसरून ठेवला तर मऊ पडतो आणि घडी नीट बसते. वरची कड फळीच्या टोकापासून इंचभर खाली थांबवून रिपांवर स्टेपल करायची. माती त्याहूनही अर्धा इंच खाली. सगळ्यात वर अडीच इंच रुंदीची एक पट्टी, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. ती फळीची वरची कड झाकते, पण पोकळीचं तोंड बंद करणार नाही इतकी सूत-दोन सूत उचलून बसवावी.

बाहेरून काय लावायचं? व्हार्निशचा चकचकीत थर उन्हात तडकतो आणि त्याच्याखाली पाणी अडकतं. त्यापेक्षा उकळलेलं जवसाचं तेल, पातळ, दोन-तीन हात, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एक. फळ्यांची कापलेली टोकं तेल पिणं थांबवतील तोवर पाजावीत, पाणीही तीच सगळ्यात जास्त पितात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवावीत. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि घराच्या लाकडांना लावत आले आहेत. ते कीड आणि बुरशी दोन्हींना भारी पडतं. फक्त ते कातडीवर पडलं की फोड येतात, तेव्हा हातमोजे हवेत, आणि लावायचं ते बाहेरच्या अंगालाच.

माती भरण्याआधी रिकाम्या खोक्यात दोन तांबे पाणी ओतून खाली वाकून पाहावं. सहाही नळ्यांतून थेंब पडायला हवेत आणि तळाच्या फळ्या कोरड्या राहायला हव्यात. फळीवर ओला डाग दिसला तर त्या नळीचं सिलिकॉन पुन्हा भरावं. माती भरल्यावर ते करता येत नाही. माती भरल्यानंतर अर्धी बादली पाणी द्यावं. काही मिनिटांत नळ्या वाहू लागल्या पाहिजेत. पाणी वरच तुंबलं तर मिश्रण फार बारीक आहे. वरून लगेच खाली आलं आणि माती मात्र कोरडीच, तर ती कडेने सुटली आहे आणि पाणी भेगेतून पळतं आहे. नळ्यांना हात लावला आणि कुजका, आंबूस वास आला तर तळाची माती श्वास घेत नाही, आणि बहुधा एखाद्या जाळीवर मुळांचा गुंता बसलेला असतो. तारेने खालून मोकळी करावी.

खरी तपासणी दिवाळीच्या सुमाराला, पाऊस ओसरून लाकूड वाळलं की. पेचकसाचं टोक फळीत तिरकं खुपसून एक कपची उचलायची. लाकूड निरोगी असेल तर लांब, तंतूदार सळई कडकड करत निघते. बुरशी लागली असेल तर कपची आखूड, आडवी, आवाज न करता तुटते. रंग बदलण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. खुंटांची खालची टोकं, तळाच्या फळ्यांचा नळीलगतचा भाग आणि आखूड बाजूच्या खालच्या फळीची टोकं, एवढ्या जागा पाहिल्या तरी चालतं. कपची आखूड निघाली ती बहुधा तळाच्या एखाद्या फळीतच. तेव्हा हंगाम संपल्यावर माती काढायची, कागद वर उचलायचा, ती एक फळी बाहेर काढून साडेपाच इंचाची नवी टाकायची आणि तिची नळी नव्या सिलिकॉनवर बसवायची. बाकीच्या पाच फळ्यांना हात लावावा लागत नाही.